मनगट दुखतंय, नवा कीबोर्ड घ्यायचाय: स्प्लिट, टेंटेड की लो-प्रोफाइल?

कुळागर
नमस्कार. फोंड्याजवळ राहते, बॅकएंडचं काम करते, आठवड्यातले बहुतेक दिवस घरूनच. गेल्या पावसाळ्यापासून उजवं मनगट दुखतंय. दुखतं ते करंगळीच्या बाजूला, हाडाचा जो उंचवटा असतो त्याच्या जरा पुढे. सकाळी काही नसतं, जेवणानंतर सुरू होतं आणि संध्याकाळी पेला उचलतानासुद्धा कळ येते. डावा हात कमी दुखतो, पण करंगळी आणि तिच्या खालचा तळवा भरून येतो. बधिरपणा, मुंग्या नाहीत.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो नीट आहे. स्नायुबंधाला सूज आहे म्हणाले, रात्री बांधायला पट्टा दिला आणि टायपिंग कमी करा असं सांगितलं. टायपिंग कमी केलं तर पगारही कमी होईल, म्हणून कीबोर्ड बदलायचा विचार आहे. कंपनी ३०,००० रुपयांपर्यंत खर्च देणार आहे.

सध्या नंबरपॅडवाला साधा कीबोर्ड आहे. टेबल आजोबांच्या वेळचं, ३० इंच उंच. माझी उंची ५ फूट २ इंच. नेटवर वाचलं तर कोणी स्प्लिट म्हणतं, कोणी टेंटेड, कोणी लो-प्रोफाइल, आणि प्रत्येक जण आपलाच खरा असं सांगतो. दुकानात जाऊन हात लावून बघावं तर पणजी-मडगावात यातलं काही मांडलेलं दिसत नाही. कोणी खरंच वापरलंय का?

पर्वरी_देव
डोळे झाकून लो-प्रोफाइल घ्या. माझंही मनगट दुखायचं. जाड मेकॅनिकल कीबोर्ड काढून टाकला, चपटा आणला आणि महिन्याभरात दुखणं गेलं. कारण सरळ आहे. कीबोर्ड जाड असला की बोटं वर, मनगट खाली आणि हात मागे मोडल्यासारखा राहतो. चपट्या कीबोर्डवर हात सपाट राहतो. शिवाय बटण ३ मिलिमीटरच दाबावं लागतं, नेहमीच्या मेकॅनिकलचं ४ असतं. स्प्लिट वगैरे हौशी लोकांचे खेळ आहेत, शिकण्यातच दिवस जातात.

आबोली
मी डीटीपीवाली, टायपिंगमध्ये आयुष्य गेलं. इन्स्क्रिप्टच वापरा. रेमिंग्टनमध्ये शिफ्ट फार लागते, त्यानेच बोटं दुखतात. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, दोन्ही हातांना काम सारखं वाटलं जातं. फोनेटिक तर मुळीच नको, एका अक्षराला तीन-तीन बटणं दाबावी लागतात.

कुळागर
आबोलीताई, मी मराठी टाइप करायचा लेआउट नाही विचारत, कीबोर्ड ही वस्तू विचारतेय. पण मी मराठी इन्स्क्रिप्टमध्येच लिहिते, तेव्हा नवा कीबोर्ड निवडताना ते चालायला हवं, हे बरं आठवण करून दिलंत.

देव, तुमचं कुठे दुखायचं? मनगटाच्या वरच्या बाजूला की कडेला?

पर्वरी_देव
वर. घड्याळाची तबकडी बसते तिथे.

तिसवाडीकर
इथेच सगळा फरक आहे. देव, तुमच्यासाठी लो-प्रोफाइल बरोबर होतं. कुळागरना तेच लागू पडेल असं मला वाटत नाही.

कीबोर्डवर मनगट तीन वेगवेगळ्या प्रकारे वाकडं होतं. एक, हात मागे म्हणजे वर मोडतो, देवांचा होता तसा. दोन, हात करंगळीकडे कडेला वळतो, कारण खांदे रुंद आणि कीबोर्ड अरुंद. कोपरापासूनचा हात तिरपा आत येतो आणि मग बटणांच्या ओळींवर बोटं सरळ ठेवण्यासाठी पंजा मनगटातून बाहेर वळवावा लागतो. तीन, तळहात पूर्ण जमिनीकडे पालथा पडतो. टेबलावर हात नुसता सोडून बघा, अंगठा आपोआप थोडा वर राहतो. तो दाबून पालथा ठेवायला कोपराखालच्या स्नायूंना सतत जोर लावावा लागतो.

लो-प्रोफाइलचा उपयोग पहिल्या वळणावर. स्प्लिटचा, म्हणजे दोन भागांत तोडलेल्या कीबोर्डचा, दुसऱ्यावर. टेंटिंगचा, म्हणजे कीबोर्डची आतली कड उचलण्याचा, तिसऱ्यावर. तुमचं दुखणं करंगळीच्या बाजूचं आहे म्हणून मला दुसऱ्या वळणाचा संशय येतो. पण संशयावर ३०,००० घालवू नका, आधी तपासा.

कोपराच्या मध्यापासून मधल्या बोटापर्यंत हाताच्या वरून कागदी चिकटपट्टीची एक सरळ पट्टी लावा. मनगटावर पट्टी कापून दोन तुकडे करा, म्हणजे हात अडकणार नाही. मग नेहमीसारख्या बसून खरंखुरं काम करा आणि कोणाला तरी डोक्यावरून मोबाइलने व्हिडिओ काढायला सांगा. मुद्दाम नीट बसू नका. व्हिडिओ थांबवला की दोन पट्ट्यांमधला कोन दिसेल. दुसरा व्हिडिओ कडेने, टेबलाच्या पातळीवरून काढा. त्यात हात वर किती मोडतो ते कळेल.

आणि एक विचारतो. ऑफिसला जाता तेव्हा लॅपटॉपच्याच कीबोर्डवर काम करता ना? तो लो-प्रोफाइलच असतो. त्यावर दुखणं कमी होतं का?

कुळागर
नाही, उलट लवकर सुरू होतं. हा विचार डोक्यातच आला नव्हता.

साष्टी_फिजिओ
मी मडगावला फिजिओथेरपिस्ट आहे. ताई, तपासल्याशिवाय निदान सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही, पण तीन गोष्टी बघा.

खुर्चीतून उठताना तळहातावर भार दिला, किंवा ओले कपडे पिळले, कुलपात किल्ली फिरवली, तर करंगळीच्या बाजूला कळ येते का? येत असेल तर त्या कडेला असलेली कूर्चा एकदा हातांच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्या. साध्या एक्स-रेमध्ये ती दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे नीट आहे म्हणजे सगळं नीट आहे असं धरू नका. बांबोळीला गोमेकॉच्या ओपीडीतही दाखवता येईल.

दुसरं, अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना रात्री मुंग्या येऊन जाग येऊ लागली तर तो मनगटातल्या मज्जातंतूचा प्रश्न असतो. तेव्हा कीबोर्डच्या खरेदीत वेळ घालवू नका, आधी डॉक्टरकडे जा.

तिसरं, तुम्ही स्कूटर चालवता का? किती?

कुळागर
कपडे पिळताना येते कळ. किल्लीला नाही. स्कूटर रोजचीच. ऑफिस असेल त्या दिवशी फोंडा ते वेर्णा, नाहीतर बाजार, मुलीची शाळा.

साष्टी_फिजिओ
मग तेही धरा. उजव्या हाताने ॲक्सिलरेटर पिळून धरलेला असतो, मनगट मागे मोडलेलं, वरून आपल्या रस्त्यांचे खड्डे. माझ्याकडे येणाऱ्या उजव्या मनगटांपैकी बऱ्याच जणांना कीबोर्डचाच राग असतो, पण स्कूटरबद्दल कोणी बोलत नाही. सुट्टीत बरं वाटतं का?

कुळागर
चवथीच्या सुट्टीत बरंच कमी झालं होतं. पण त्या दिवसांत टायपिंगही नव्हतं आणि स्कूटरही नव्हती, घरातच होते. नारळ मात्र भरपूर खवणले, नेवऱ्या केल्या, त्याने काही झालं नाही.

साष्टी_फिजिओ
मग दोघांत दोषी कोण हे त्यावरून ठरत नाही. एक आठवडा ऑफिसला बसने किंवा कोणाच्या मागे बसून जा, टायपिंग तेवढंच ठेवा, आणि काय होतं ते बघा.

वास्को_शिफ्ट
माझीही करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू सुन्न होते. मी पण हेच कीबोर्ड बघतोय. मला कोणता घ्यावा? मी सपोर्टमध्ये आहे, रात्रपाळी, टायपिंग कमी आणि फोन जास्त.

साष्टी_फिजिओ
तुमचं वेगळं आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुन्न होतं तेव्हा दाब बहुतेक कोपराशी असतो. कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून फोन कानाला लावता का? झोपताना हात दुमडून उशाखाली घेता का? दोन्ही आजपासून बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. पकड ढिली वाटायला लागली तर थांबू नका. कीबोर्डवर पैसे घालू नका.

वास्को_शिफ्ट
कोपर टेकवूनच बसतो. हेडसेट मागतो ऑफिसात.

कुळागर
व्हिडिओ काढले. मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक स्क्रीनवर ठेवून मोजलं. उजवा हात कडेला साधारण २० अंश वळलेला आहे, डावा १० च्या आसपास. कडेच्या व्हिडिओत दोन्ही हात वरही मोडलेले दिसतात, तेही बऱ्यापैकी. पण उजवा डाव्याच्या दुप्पट का?

तिसवाडीकर
नंबरपॅडमुळे. तुम्ही अख्खा कीबोर्ड स्क्रीनच्या मध्यावर ठेवलाय ना? मग अक्षरांचा भाग पोटाच्या समोर न येता डावीकडे सरकतो. डावा हात त्यातल्या त्यात सरळ खाली जातो. उजव्याला पोटावरून आडवं डावीकडे जावं लागतं आणि मग पंजा जास्त वळवून घ्यावा लागतो. आत्ताच उठून कीबोर्ड उजवीकडे सरकवा, G आणि H च्या मधली फट बेंबीच्या रेषेत आली पाहिजे. उजव्या हाताचा कोन लगेच कमी होईल. पण माऊस आणखी लांब जाईल, म्हणून हे कायमचं उत्तर नाही. कायमचं हवं तर नंबरपॅड जायलाच हवा.

हात वर मोडतात त्याचंही बघा. कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय उघडे आहेत का?

कुळागर
उघडे आहेत. पहिल्यापासून.

तिसवाडीकर
बंद करा. ते पाय मागची बाजू उचलतात, त्याने मनगट आणखी मोडतं. टायपिंगसाठी त्यांचा काही फायदा नाही. उलट पुढची कड किंचित उंच आणि मागची खाली, असा उलटा उतार मनगटाला बरा पडतो. लॉजिटेकच्या एर्गो के८६० ला तर मुद्दाम पुढच्या बाजूला पाय दिलेत, ४ आणि ७ अंश उलटा उतार देणारे.

पण तुमचा मोठा शत्रू टेबल आहे. ३० इंच म्हणजे ७६ सेंटिमीटर. तुमच्या उंचीच्या माणसाचं कोपर खुर्चीत बसल्यावर जमिनीपासून साधारण ६३-६५ वर येतं. म्हणजे टेबल दहा-बारा सेंटिमीटर उंच आहे, आणि त्यावर कीबोर्डची जाडी वेगळी. अशा टेबलावर जगातला कोणताही कीबोर्ड ठेवला तरी हात वरच मोडणार किंवा खांदे तरी वर चढणार.

माशेलकर_पोरगा
टेबल आजोबांचं असेल तर कापू नका हां, शिवणीच्या लाकडाचं असेल तर पाप लागेल! मेस्ताला बोलावून खाली सरकता ट्रे बसवून घ्या, जुन्या कॉम्प्युटर टेबलांना असायचा तसा. आमच्याकडे केलाय. फक्त ट्रे रुंद करा, बाजारातले अरुंद असतात, त्यावर स्प्लिट कीबोर्ड आणि माऊस मिळून मावत नाहीत.

कुळागर
शिवणीचंच आहे. कापणार नाहीच. खुर्ची वर करून पायाखाली पाट घेतला तर?

तिसवाडीकर
चालेल. पाय लोंबकळता कामा नयेत एवढंच. एक पाट पुरणार नाही, दोन लागतील.

पर्वरी_देव
म्हणजे शेवटी उंचीचाच प्रश्न निघाला ना? मग मी म्हणत होतो ते चपटं बरोबरच आहे की.

तिसवाडीकर
उंचीच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. साध्या मेकॅनिकल कीबोर्डवर मधल्या ओळीची उंची टेबलापासून तीन सेंटिमीटरच्या आसपास जाते, चपट्याची दोनच्या आसपास राहते. हा एक सेंटिमीटर खरा आहे. पण चपटा कीबोर्डही तेवढाच अरुंद असतो, त्यामुळे ते २० अंशांचं वळण तसंच राहणार. लॅपटॉपवर त्यांना दुखतंच आहे, हा त्याचा पुरावा.

चपट्याचा खरा उपयोग मला टेंटिंग करताना दिसतो. हिशोब करून बघा. स्प्लिट कीबोर्डचा एक भाग साधारण १६ सेंटिमीटर रुंद धरा. बाहेरची कड टेबलावर ठेवून आतली कड ५ अंश उचलली तर ती जवळपास दीड सेंटिमीटर वर जाते. १० अंशांना पावणेतीन, १५ अंशांना चारच्या थोडं वर. तर्जनीखालची बटणं त्याच्या बरोबरीने वर जातात. म्हणजे पालथा हात सुटावा म्हणून टेंटिंग करायचं आणि त्याच टेंटिंगने उंची वाढवून हात पुन्हा वर मोडायचा, असं होतं. टेबल उंच असलेल्या माणसाला हा सापळा आहे. तिथे मुळातला कीबोर्ड चपटा असेल तर तेवढी उंची परत मिळते. स्प्लिटही आहे, टेंटही होतो आणि चपटाही आहे, असे कीबोर्ड आहेत. झेडएसएचा व्हॉयेजर तसा आहे.

माशेलकर_पोरगा
मी कॉर्न नावाचा स्प्लिट कीबोर्ड वापरतो, ४२ बटणांचा, चपट्या चॉक स्विचेसचा, स्वतः डाग देऊन बनवला. कुळागरताईंनी हाच घ्यावा. बोटं मधल्या ओळीवरून हलवावीच लागत नाहीत. आकडे, चिन्हं सगळी दुसऱ्या थरात, अंगठ्याने थर बदलायचा. Ctrl वगैरे मधल्या ओळीच्या अक्षरांवरच, दाबून धरलं की Ctrl, पटकन दाबून सोडलं की अक्षर. पैसेही बजेटच्या खूप आत.

आबोली
४२ बटणांत इन्स्क्रिप्टचा ड कुठे बसवलास रे? इन्स्क्रिप्टमध्ये ड हा P च्या शेजारच्या चौकोनी कंसाच्या बटणावर असतो, आणि "डॉक्टर"मधला ॉ उलट्या तिरप्या रेघेच्या बटणावर. ती बटणंच त्यात नाहीत.

माशेलकर_पोरगा
दुसऱ्या थरात आहेत. मी मराठी फोनवरच लिहितो, त्यामुळे कधी अडलं नाही.

आबोली
मराठीत ड किती वेळा येतो ते एक पान टाइप करून बघ. दर वेळी अंगठा दाबून थर बदलायचा म्हणजे दुखणं करंगळीवरून अंगठ्यावर जाईल.

तिसवाडीकर
आबोलीताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि तो इन्स्क्रिप्टपुरता नाही. अंगठ्याकडे पाच-सहा बटणं देणारे कीबोर्ड मी वापरलेत. जवळची दोन उत्तम. लांबच्या बटणांसाठी अंगठा ताणावा लागतो, आणि तिथून मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला नवं दुखणं सुरू झालेली माणसं मला माहीत आहेत. अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीकडे हळूच वाकवताना अंगठ्याच्या मुळाशी चर्रकन् कळ आली, तर समजायचं की अंगठ्याचे स्नायुबंध चिडलेत.

माझा दुसरा आक्षेप वेळेचा आहे. उभ्या सरळ रांगांची बटणं, थर, नवीन Ctrl, हे सगळं एकदम बदललं तर काही आठवडे टायपिंगचा वेग निम्म्यावर येतो. डेडलाइन असेल तर माणूस दात-ओठ खाऊन जोरात बटणं बडवतो. दुखऱ्या हाताने हे शिकू नये. आधी नेहमीच्याच रांगा असलेला, फक्त दोन भागांत तुटलेला कीबोर्ड घ्यावा. हात बरा झाल्यावर कॉर्न बनवायला मीच मदत करीन.

माशेलकर_पोरगा
मला तरी अंगठ्याचं काही झालं नाही. आणि मधल्या ओळीवरच्या Ctrl ने डाव्या करंगळीचा त्रास संपतो, ते तुमच्या साध्या स्प्लिटमध्ये कसं होणार?

तिसवाडीकर
डाव्या करंगळीचं कारण बहुतेक Ctrl च आहे, हे मान्य. कोपऱ्यातल्या Ctrl पर्यंत जायला करंगळी खाली ओढावी लागते आणि अख्खा पंजा त्या बाजूला वळतो. त्यासाठी नवा कीबोर्ड लागत नाही. कॅप्स लॉक A च्या शेजारीच आहे, त्यालाच Ctrl करा. लिनक्सवर X11 असेल तर एक ओळ:

```
setxkbmap -option ctrl:nocaps
```

ग्नोमवर वेलँड असेल तर:

```
gsettings set org.gnome.desktop.input-sources xkb-options "['ctrl:nocaps']"
```

ही दुसरी कमांड त्या यादीतले आधीचे पर्याय पुसते. भाषा बदलायला तिथे काही लावलं असेल तर तेही कंसात पुन्हा घाला. मॅकवर सेटिंग्जमध्येच मॉडिफायर बटणं बदलायची सोय आहे.

आता मुख्य चाचणी. पैसे घालण्याआधी दोन स्वस्त, नंबरपॅड नसलेले यूएसबी कीबोर्ड एकाच मशीनला लावा. एक डाव्या हाताखाली, एक उजव्या हाताखाली. विंडोज आणि लिनक्सवर एकावरचं Shift दाबून दुसऱ्यावरचं अक्षर टाइप होतं. मॅकवर होत नाही, त्याला कॅराबिनर हे सॉफ्टवेअर लागेल. दोघांमध्ये नको असलेली बटणं येतात, दिसायला विचित्र आहे, पण हात सरळ ठेवल्यावर तुमचं दुखणं कमी होतं की नाही हे घरच्या घरी कळतं. मग आतल्या कडांखाली पुस्तकं सरकवून टेंटिंगही तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पर्वरी_देव
हे चांगलं आहे. मला सुचलं नव्हतं. एक शंका: एर्गो के८६० सारखा मधून वाकवलेला, एकाच तुकड्याचा कीबोर्ड का नको? शिकावं लागत नाही, टेंटिंगही थोडं आहे, उलटा उतारही.

तिसवाडीकर
वाईट नाही. मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये नॅचरल कीबोर्ड काढला तेव्हापासून हा आकार चालत आलाय आणि पुष्कळांना पुरतो. पण दोन भागांतलं अंतर आणि कोन कारखान्यात ठरलेला असतो, बसला तर बसला. शिवाय के८६० ला नंबरपॅड आहे, म्हणजे माऊस लांबच. कुळागरांच्या उजव्या हातासाठी मी तरी तो घेणार नाही.

कुळागर
सगळं करून बघितलं, सविस्तर लिहिते.

आधी फक्त मागचे पाय बंद केले, कीबोर्ड उजवीकडे सरकवला आणि कॅप्स लॉकचा Ctrl केला. डाव्या करंगळीचा भरलेपणा काही दिवसांत जवळजवळ गेला. उजव्याला थोडाच फरक.

मग भावाकडून आणि शेजारून दोन छोटे कीबोर्ड आणले. पहिल्याच दिवशी एक गंमत कळली, मी B कायम उजव्या हाताने दाबते. डाव्या कीबोर्डवरचा B दाबायची सवय लागायला वेळ गेला, इन्स्क्रिप्टमध्ये तिथे व असल्यामुळे मराठी लिहिताना तर जास्तच. पण दोन कीबोर्ड खांद्यांच्या रेषेत ठेवल्यावर पट्टी जवळजवळ सरळ दिसायला लागली, आणि दुपारनंतरची ती कळ यायची ती संध्याकाळी उशिरा आणि हलकी यायला लागली. मध्ये माऊस ठेवायला जागा झाली, हा न मागता मिळालेला फायदा.

मग पुस्तकं. थोडी उंची दिली तेव्हा कोपराखालचा ताण कमी झाला, हे लगेच जाणवलं. उंची वाढवल्यावर हात बाहेरच्या बाजूला घसरायला लागला, मी तो खांद्याने धरून ठेवायला लागले आणि रात्री मान दुखली. पुस्तकं काढून पुन्हा कमी केली, खुर्ची वर केली, दोन पाट पायाखाली घेतले, तेव्हा बरं वाटलं. वरच्या ओळीतले आकडे मात्र अजून चुकतात.

स्कूटरची चाचणी अर्धवट राहिली. दोन दिवस बसने गेले, मग मुलीची परीक्षा आली. त्यामुळे स्कूटरचा वाटा किती ते मला सांगता येत नाही. तज्ज्ञांची वेळ घेतली आहे, त्या कूर्चेचं ते बघतील.

साष्टी_फिजिओ
हात घसरतो तो टेंट जास्त झाल्यामुळे, आणि तळहाताला आधार नसल्यामुळेही. टेंट केलेल्या कीबोर्डला त्याच उताराचा तळहाताचा आधार लागतो. पण टाइप करताना मनगट त्यावर दाबून ठेवायचं नाही. थांबलात की टेकवायचं, तेही तळहाताची गादी, मनगटाची घडी नव्हे. आणि तपासणी होईपर्यंत कपडे पिळायचं काम दुसऱ्या कोणाला तरी द्या.

तिसवाडीकर
मग तुमचं उत्तर बरंचसं दिसतंय: स्प्लिट नक्की, टेंटिंग ५ ते १० अंश, आणि कीबोर्ड जितका पातळ तितका बरा. तुमच्या जागी मी किनेसिसचा फ्रीस्टाइल२ बघितला असता. रांगा नेहमीच्या, नंबरपॅड नाही, कंसाची आणि तिरप्या रेघेची बटणं जागच्या जागी, म्हणजे आबोलीताईंचा ड वाचला. मेंब्रेनचा असल्यामुळे पातळ आहे. त्याला ५, १० आणि १५ अंशांचे उचलणारे पाय वेगळे मिळतात, तळहाताच्या आधारासह घ्यायचे असतील तर व्हीआयपी३ हा जोड घ्या.

मेंब्रेनची बटणं मेकॅनिकलसारखी खुटखुटीत नसतात, ती जरा मऊ आणि तळापर्यंत दाबावी लागणारी, हे आधी सांगून ठेवतो. त्याच कंपनीत मेकॅनिकलही आहेत, पण ते जाड.

माशेलकर_पोरगा
मेंब्रेनवर ३०,००० च्या बजेटमधले पैसे घालायचे हे मला पटत नाही. तळापर्यंत दाबत राहणं हेही बोटांना वाईटच. हलक्या चपट्या स्विचचं बटण अर्धं दाबलं तरी अक्षर उमटतं. व्हॉयेजर बघा ना, हवं तर कंपनीशी बोलून बजेट वाढवा.

तिसवाडीकर
व्हॉयेजरला ५२ बटणं, उभ्या रांगा. सहा महिन्यांनी जरूर. आणि दोघांनाही बाहेरून मागवताना कस्टम्सचं शुल्क वेगळं पडेल, ते धरूनच कंपनीला आकडा द्या. हाताने बनवलेल्या स्प्लिटबद्दल आणखी एक, माशेलकरांना माहीत असेलच: दोन भाग जोडणारी ऑडिओसारखी गोल पिनची केबल असेल तर यूएसबी चालू असताना ती कधीही काढायची-घालायची नाही. पिन आत जाताना शॉर्ट होते आणि कंट्रोलर जळू शकतो. पावसात आपल्याकडे त्या सॉकेटवर हिरवट थर चढतो, मग केबल हलवून बघायचा मोह होतो, तेव्हाच हे घडतं.

माशेलकर_पोरगा
माझा एक असाच गेलाय. आता आधी यूएसबी काढतो.

वास्को_शिफ्ट
हेडसेट मिळाला. डॉक्टरांनी कोपराचंच सांगितलं, नसांची तपासणी करायला सांगितलीय. फिजिओताईंचे आभार.

कुळागर
सगळ्यांना देव बरें करूं. फ्रीस्टाइल२ आणि आधाराचा जोड, असं कंपनीला कळवतेय. मेंब्रेन आवडला नाही तर माशेलकरांना कळवीनच. ट्रेसाठी मेस्ताला रविवारी बोलावलंय. रुंदी किती सांगू?

माशेलकर_पोरगा
८० सेंटिमीटर सांगा. आणि ट्रे खाली आल्यावर मांडी आणि ट्रेच्या मध्ये हाताचा पंजा तरी जायला हवा, ते बसून मोजूनच मग स्क्रू मारायला सांगा.

तिसवाडीकर
ऑर्डर करताना केबलची लांबी नीट बघा. हा कीबोर्ड ९ इंची आणि २० इंची अशा दोन प्रकारांत येतो. मध्ये माऊस ठेवायचाय आणि हात खांद्यांच्या रेषेत हवेत, तेव्हा तुम्हाला २० इंचीच लागेल. दोन्ही सारखेच दिसतात.